‘एक नंबर!’ या रिव्ह्यूचं करायचं काय? चकलीच्या भाजणीचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानाचे तीन रिव्ह्यू वाचून दाखवले. दहा मिनिटांत सगळं बसेना, म्हणून उरलेलं इथे लिहिते. वाचताना स्वतःच्या दुकानाचे किंवा घरगुती ऑर्डरचे रिव्ह्यू मोबाईलवर उघडे ठेवा.

माझं दुकान गिरगावात, खोताच्या वाडीत. मसाले, मेतकूट, थालीपीठाची आणि चकलीची भाजणी. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे आमचा सीझन, वर्षाची निम्मी भाजणी तेव्हाच खपते. 2023 च्या दिवाळीत 28 ऑक्टोबरला वीस किलोचा घाणा दळून आणला आणि अर्ध्या किलोची चाळीस पाकिटं भरली. पुढच्या आठवड्यात त्यावर हे तीन रिव्ह्यू आले.

पहिला, पाच स्टार: ‘एकदम बेस्ट क्वालिटी. घरच्यासारखी चव. सर्वांनी नक्की घ्या.’

दुसरा, एक स्टार: ‘चकल्या तेलात विरघळल्या. पैसे फुकट गेले. अजिबात घेऊ नका.’

तिसरा, तीन स्टार: ‘28 ऑक्टोबरचं पॅकिंग. एक वाटी भाजणी, एक वाटी उकळतं पाणी, एक मोठा चमचा तेल घेतलं. वीस मिनिटं झाकून ठेवली. सोऱ्यातून पाडताना चकली तुटत होती. कोरडं पीठ चाळून पाहिलं तर चाळणीत रवाळ कण राहिले. दुसऱ्या दिवशी उकड तासभर ठेवली तेव्हा नीट पडल्या. खमंग आहेत, चौथ्या दिवशीही कुरकुरीत. ओवा आमच्या घरी जास्त वाटला. पाण्याचं प्रमाण पाकिटावर लिहा.’

आता मी काय केलं ते ऐका. पहिल्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकला. दुसऱ्याने रात्रभर झोप उडवली. आणि तिसऱ्याला ‘धन्यवाद ताई, नक्की लक्षात ठेवू’ असं उत्तर टाकून मी कामाला लागले. दोन दिवस त्याकडे पाहिलंही नाही. खरं म्हणजे त्या तिघांत मला कामाला लावणारा रिव्ह्यू तोच होता. दिवाळी आठवड्यावर होती आणि त्या घाण्याची सतरा पाकिटं फळीवर विक्रीला उभी होती!

नाव झाकून वाचा

रिव्ह्यू किती नेमका आहे हे बघायची माझी एक साधी रीत आहे. दुकानाचं आणि वस्तूचं नाव बोटाने झाकायचं आणि उरलेला मजकूर वाचायचा. पहिला रिव्ह्यू झाकून वाचा. ‘एकदम बेस्ट क्वालिटी, घरच्यासारखी चव’ हे शेजारच्या वेफर्सवाल्याखाली चालेल, पुरणपोळीखाली चालेल, एखाद्या खानावळीखालीही चालेल. म्हणजे त्यात माझ्या भाजणीबद्दल काहीच नाही. लिहिणाऱ्याचं मन चांगलं आहे, मला आनंदही झाला, पण पुढच्या गिऱ्हाईकाला त्यातून काही ठरवता येत नाही आणि मलाही काही सुधारता येत नाही.

तिसरा झाकून वाचलात तरी कळतं की हा चकलीच्या भाजणीचाच रिव्ह्यू आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी मला नंतर उमगली. तो वाचून तेच सगळं मला माझ्या ओट्यावर पुन्हा करून बघता येत होतं. किती पीठ, किती पाणी, किती तेल, किती वेळ आणि काय झालं, सगळं दिलेलं. ‘चकली बिघडली’ या वाक्यावरून मला काहीच करून बघता आलं नसतं.

5 नोव्हेंबरला दुकान बंद केल्यावर मी ते करून बघितलं. प्रत्येक घाण्यातलं पाव किलोभर पीठ मी तारखेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवते. तुम्हीही ठेवा, फार उपयोगी पडतं. पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर टाकणं अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे आपल्याला बंधनकारकच आहे, पण मागे नमुना नसेल तर त्या नंबरवरून पीठ कुठून तपासणार? 28 तारखेचं पीठ बारीक चाळणीने चाळलं. वाटीभर पिठामागे दोन चमचे रवाळ चाळ राहिली. आधीच्या घाण्याचं चाळलं, तर चिमूटभरसुद्धा नाही. मग रिव्ह्यूतल्या प्रमाणानेच उकड काढली. वीस मिनिटांनी पाडली तर वेढा घेतानाच तुटली. त्याच उकडीचा झाकून ठेवलेला अर्धा गोळा तासाभराने मळून घेतला, तर सुरेख पडली.

कारण सरळ आहे. भाजणी भाजलेल्या डाळ-तांदळाची. पीठ रवाळ राहिलं तर कणाच्या आतपर्यंत पाणी मुरायला वेळ लागतो, आणि तोवर उकडीला चिकटपणा येत नाही. गिरणीवाल्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्या दिवशी गर्दी होती आणि दगड जरा सैल ठेवूनच दळण उरकलं होतं. घरी आणल्यावर चिमटीत घेऊन बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

सतरा पाकिटं फोडून पुन्हा दळून आणली. दळणाचे पैसे गेले, पाकिटं वाया गेली, लेबलं पुन्हा छापली. बाकीची तेवीस विकून झाली होती. त्यातल्या चौदा जणांच्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या होत्या, म्हणून त्यांना मेसेज करता आला: ‘या वेळची भाजणी थोडी जाडसर आहे, उकड तासभर झाकून ठेवा, तरी नाही जमलं तर पाकीट बदलून देईन.’ दोघींनी बदलून घेतलं. नऊ पाकिटं दुकानातून रोखीने गेलेली, ती कोणाकडे गेली ते मला आजही माहीत नाही. तो तीन स्टारचा रिव्ह्यू मी आल्या दिवशीच नीट वाचला असता, तर त्या नवातली काही तरी वाचली असती.

आता दुसऱ्या रिव्ह्यूकडे या, कारण इथे बहुतेक जण चुकतात. एक स्टार, राग, दोन ओळी. मलाही आधी वाटलं, हा त्याच रवाळ घाण्याचा परिणाम. पण शब्द बघा, ‘विरघळल्या’. तिसऱ्या रिव्ह्यूत चकली ‘तुटली’ आहे आणि तीही सोऱ्यातून पडताना. तेलात गेल्यावर विरघळणं ही वेगळी तक्रार आहे. ज्याने चकल्या तळल्यात त्याला माहीत असतं, मोहन जास्त झालं की चकली कढईत फसफसते आणि तिचा चुरा होतो. म्हणजे त्या रागाच्या दोन ओळींत एक शब्द नेमका होता आणि तो लाखमोलाचा होता.

असा एखादा शब्द सापडला तर त्या रिव्ह्यूला केराची टोपली दाखवू नका, एक प्रश्न विचारा. एकच. मी खाली लिहिलं, ‘काकू, माफ करा. मोहन किती घातलं होतं ते सांगाल का?’ त्यांनी दुकानाच्या नंबरवर फोनच केला. आधी पाच मिनिटं बोलणी खाल्ली. मग म्हणाल्या, ‘अगं, दोन वाट्यांना अर्धी वाटी कडकडीत तेल. आमच्याकडे तांदळाच्या चकलीला असंच घालतात.’ भाजणीला वाटीमागे एक मोठा चमचा पुरतो. त्यांनी कितीतरी पट घातलं होतं.

चूक काकूंची? अर्धी. माझ्या पाकिटावर प्रमाणच नव्हतं. ते नव्हतं हे तिसऱ्या रिव्ह्यूच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं. आता पाकिटाच्या मागे चार ओळींत प्रमाण छापते, आणि ‘विरघळली’ म्हणून तक्रार तेव्हापासून आलेली नाही.

विकत घेतलं, की वापरलं?

दुसरी कसोटी वापराच्या पुराव्याची. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. अ‍ॅमेझॉनवर रिव्ह्यूखाली Verified Purchase असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की वस्तू तिथूनच विकत घेतली गेली. ती उघडली का, वापरली का, हे त्यावरून कळत नाही. गुगलच्या नकाशावर तर खरेदीचाही पुरावा लागत नाही, तुमच्या दुकानात कधी पाऊल न ठेवलेला माणूसही स्टार देऊ शकतो. त्यामुळे वापराचा पुरावा मजकुरातच शोधावा लागतो.

तो कसा दिसतो? ज्याने वस्तू वापरली त्याला अशी एखादी गोष्ट माहीत असते जी पाकिटावर लिहिलेली नाही. ‘चाळणीत रवाळ कण राहिले’ हे माझ्या लेबलवर कुठे असणार? ‘दुसऱ्या दिवशी तासभर ठेवली’ म्हणजे पहिल्यांदा फसल्यावर त्या बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. ‘चौथ्या दिवशीही कुरकुरीत’ म्हणजे मध्ये चार दिवस गेले. पाकीट 28 ऑक्टोबरचं, रिव्ह्यू 3 नोव्हेंबरचा, हिशेब जुळतो. समजा हाच रिव्ह्यू 29 तारखेला आला असता, तर चौथ्या दिवसाचं वाक्य कुठून आलं असा प्रश्न मी विचारला असता. तारीख जुळवून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि ‘सहा महिने वापरतोय, अजून नवीसारखी’ असं नुकत्याच बाजारात आलेल्या मिक्सरखाली लिहिणारे लगेच सापडतात.

फोटोचंही तसंच आहे. बंद पाकिटाचा फोटो म्हणजे पाकीट हातात आलं, इतकंच. अर्ध्या रिकाम्या पाकिटाचा, पिठाने माखलेल्या सोऱ्याचा, करपलेल्या चकलीचा फोटो असेल तर तो माणूस स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

आणि सावध राहा, नेमकेपणाचं सोंगही आणता येतं. पैसे घेऊन लिहिणारे आता ‘मस्त, छान’ एवढ्यावर थांबत नाहीत, ते लेबल समोर ठेवून लिहितात. ‘पारंपरिक पद्धतीने भाजलेल्या धान्यांपासून बनवलेली ही 500 ग्रॅम चकली भाजणी अत्यंत खमंग आहे.’ आकडा आहे, तपशील आहे, पण सगळा माझ्याच लेबलवरचा! खरी गिऱ्हाईकं अशी बोलत नाहीत. ती ‘अर्ध्या किलोचं पाकीट’ म्हणतात, वस्तूचं पूर्ण नाव कधीच घेत नाहीत, आणि स्वतःच्या घरातलं काहीतरी मध्येच आणतात. सासूबाईंना आवडली, गॅस बारीक होता, तांब्याने पाणी मोजलं, असं काहीतरी.

आपल्याकडे याला एक मानकही आहे. भारतीय मानक ब्युरोचं IS 19000:2022, नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. रिव्ह्यू गोळा करणाऱ्या आणि छापणाऱ्या संस्थांसाठी ते आहे. लिहिणारा खरा माणूस आहे का हे पडताळायचं आणि विक्रेत्याने विकत घेतलेले किंवा आपल्याच माणसांकडून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत, असा त्याचा गाभा आहे. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवलं होतं. तेव्हा कोणीतरी चाळून देईल या भरवशावर राहू नका.

इथे माझं एक पाप कबूल करते. दुकान नवीन असताना मी गल्ल्याजवळ पाटी लावली होती, ‘पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या.’ पंधरा दिवसांत तीस-एक रिव्ह्यू आले. पुढे गुगलचे नियम वाचले तेव्हा कळलं की सूट किंवा भेट देऊन रिव्ह्यू मागणं त्यांना चालत नाही. पाटी काढली. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. त्या तीस जणांनी रिव्ह्यू लिहिला गल्ल्यासमोर उभं राहून, पाकीट पिशवीत बंद असताना. वापर शून्य. ते रिव्ह्यू मी आज वाचते तेव्हा एकाही वस्तूबद्दल एकही गोष्ट कळत नाही, आणि खरे रिव्ह्यू त्यांच्याखाली गाडले गेले ते वेगळंच.

आता मी विचारते, पण आठवड्याने, आणि स्टार मागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रश्न: ‘पाणी किती लागलं? काय करताना अडलं?’ ज्यांना वाटेल ते तेच उत्तर रिव्ह्यूत लिहितात. खूश दिसणाऱ्या गिऱ्हाईकांनाच विचारायचं आणि तोंड वाकडं करणाऱ्यांना टाळायचं, हेही गुगलला चालत नाही. म्हणून काकूंनाही तोच मेसेज जातो.

समतोल म्हणजे दोन्ही पारडी सारखी नव्हेत

आमच्या वाडीत अनंताश्रम नावाची खानावळ होती. आता बंद आहे, पण मासळीच्या जेवणासाठी तिचं नाव मुंबईभर होतं. वाडीतली थोरली मंडळी तिच्याबद्दल सांगतात तेव्हा बोलणं साधारण असं असतं: मासे काय ताजे, कालवण काय सुरेख, पण वाढपी गोडगोड बोलतील ही अपेक्षा नको, आणि जेवून झालं की गप्पा मारत बसायचं नाही. तेव्हा रिव्ह्यू नव्हते. पण समतोल रिव्ह्यू मला विचाराल तर तो असा असतो. ज्याला मासे खायचे आहेत तो जातो, ज्याला निवांत बसायचं आहे तो दुसरीकडे जातो. कुणाची फसगत होत नाही.

म्हणजे एक चांगलं, एक वाईट असं मोजून लिहिणं म्हणजे समतोल नव्हे. पाकिटाचा रंग आवडला नाही म्हणून दोन स्टार कापणाराही दोन्ही बाजू लिहीतच असतो! बघायचं हे की लिहिणाऱ्याने कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं, आणि वस्तुस्थिती व स्वतःची आवड वेगळी ठेवली का. आपल्या तिसऱ्या रिव्ह्यूत ‘कण राहिले’ ही वस्तुस्थिती आहे, आणि ओव्याबद्दल लिहिताना त्या बाईंनी ‘आमच्या घरी’ असं म्हटलंय. ‘ओवा जास्त आहे’ असा निकाल दिलेला नाही. त्या दोन शब्दांमुळे माझा त्यांच्या बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसला.

यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या सुझन मुडांबी आणि डेव्हिड शफ यांनी 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनवरच्या सहा वस्तूंचे 1,587 रिव्ह्यू तपासले होते. काही वस्तूंचे गुण आधी माहिती वाचून कळतात, जसा प्रिंटर. काही वापरल्यावरच कळतात, जसं गाणं. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंत अगदी टोकाच्या रिव्ह्यूंपेक्षा मधल्या स्टारचे रिव्ह्यू वाचकांना जास्त उपयोगी वाटले, असं त्यांना दिसलं. आपलं खाण्याचं सामान दुसऱ्या प्रकारातच मोडतं. म्हणून माझी सवय अशी झाली आहे की रोज सकाळी तीन आणि चार स्टार आधी वाचायचे, पाच सगळ्यात शेवटी.

एक स्टारचे? त्यात एक अपवाद कायम लक्षात ठेवा. ‘पाकिटात अळी निघाली.’ ‘खाऊन मुलाला उलटी झाली.’ हे रिव्ह्यू एका ओळीचे असतील, रागाचे असतील, समतोल तर नसेलच, पुरावाही नसेल. तरी इथे वरच्या तिन्ही कसोट्या बाजूला ठेवायच्या. आधी फोन करून बॅच नंबर विचारायचा, त्या घाण्याची विक्री थांबवायची, नमुना उघडून बघायचा, आणि मगच खरं-खोटं करायचं. रिव्ह्यू खोटा निघाला तर तुमचा एक दिवस जाईल. खरा असून तुम्ही ‘मोघम आहे’ म्हणून सोडून दिलात, तर काय होईल ते सांगायला नको.

काही रिव्ह्यू नेमके असतात, खरे असतात, पण वस्तूबद्दल नसतातच. ‘डिलिव्हरीवाला चार वाजता सांगून सात वाजता आला.’ हा भाजणी घेणाऱ्या पुढच्या माणसाच्या फारसा कामाचा नाही, पण माझ्या कामाचा आहे. अशांची वेगळी वही ठेवा.

आणि ओव्याचं काय झालं? ते सांगायचं राहिलं. त्या दिवाळीत ओवा जास्त म्हणणारे आणखी दोघे होते, आणि ‘ओव्याचा वास मस्त’ असं लिहिणारे चौघे. सगळ्यांनी चकल्या केलेल्या, सगळे आपापल्या जिभेबद्दल बोलणारे. मी ओवा तेवढाच ठेवला. पाकिटावर मात्र एक ओळ वाढवली, ‘यात ओवा आहे, वरून घालण्याआधी चव बघा.’ पुढच्या दिवाळीत त्याच बाईंचा चार स्टारचा रिव्ह्यू आला. एका दमात पडल्या, प्रमाण बरोबर आहे, ओवा अजूनही आमच्या घरी जास्तच.